टोलच्या पावतीवरचा वेग

समृद्धी महामार्गावर टोल कापलेल्या अंतरानुसार लागतो. समजा, फोटो काढलेल्या पावतीवर प्रवेश १०:५२, निर्गमन १२:०७ आणि अंतर ९५ किमी आहे. मधला वेळ १ तास १५ मिनिटे.

इथेच अनेकांची गफलत होते. ते १.१५ ने भागतात आणि वेग ८२.६ काढतात! तास साठ मिनिटांचा असल्याने १५ मिनिटे म्हणजे पाव तास. ९५ भागिले १.२५, म्हणजे ताशी ७६ किमी.

या पावतीवर सेकंद नाहीत, त्यामुळे खरा वेळ ७४ ते ७६ मिनिटांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे वेगही ७५ ते ७७. चहासाठी वीस मिनिटे थांबला असाल, तर चालत्या गाडीचा सरासरी वेग १०० च्या पुढे गेला होता.