लाभांश कापायचा, तर पत्रात काय हवं?

नफा चांगला झाला आहे आणि तरी लाभांश कमी करा, असं संचालक मंडळाला लिहिणं हे वित्त व्यवस्थापकाचं सर्वांत नावडतं काम. हे पत्र वजनदार ठरतं ते त्यातल्या हिशेबामुळे.

समजा, चाकणच्या एका कंपनीचा वार्षिक नफा ४० कोटी आहे आणि त्यातले २४ कोटी ती लाभांश म्हणून वाटते. उरलेले १६ कोटी जुन्या यंत्रांची देखभाल आणि खेळतं भांडवल यांत संपतात. आता दोन वर्षांत ६० कोटींचा नवा विभाग उभारायचा आहे. सगळे पैसे बँकेकडून घेतले, तर दहा टक्क्यांनी वर्षाला ६ कोटी नुसतं व्याज. लाभांश १० कोटींवर आणला, तर दोन वर्षांत २८ कोटी हाताशी येतात, कर्ज ३२ कोटींवर थांबतं आणि व्याज ३.२ कोटींवर. शिवाय ऑर्डर लांबल्या तर लाभांश पुढे ढकलता येतो, बँकेचा हप्ता नाही. मंडळाला हे सहसा लगेच पटतं.

पण खरा प्रश्न वेगळाच असतो. हेच पैसे भागधारकांना दिले असते, तर त्यांनी ते दुसरीकडे गुंतवून जेवढं कमावलं असतं, त्याहून जास्त हा विभाग कमावेल का? याचं उत्तर आकड्यांत नसेल, तर लाभांश कापू नये. विभाग कधी सुरू होईल आणि लाभांश पूर्ववत कधी होईल, हेही पत्रात हवंच.

भारतात मंडळ लाभांशाची शिफारस करतं आणि वार्षिक सभा तो जाहीर करते. सर्वसाधारण नियमावलीनुसार सभेला शिफारशीपेक्षा जास्त लाभांश जाहीर करता येत नाही. म्हणजे भागधारकाचं नुकसान-फायदा बऱ्याच अंशी या पत्रावरच ठरतो.

चिप बनवणाऱ्या इंटेलचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने तिमाही लाभांश ३६.५ सेंटवरून १२.५ सेंटवर आणला. वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर वाचणार होते आणि ॲरिझोना, ओहायोतल्या कारखान्यांसाठी पैसा लागणारच होता. मात्र त्याच वेळी कंपनीची विक्रीही घसरत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये लाभांश पूर्ण थांबवण्याची आणि १५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कमी करण्याची घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी शेअर सुमारे २६ टक्के कोसळला.

विस्तारासाठी केलेली कपात आणि आटत्या उत्पन्नामुळे करावी लागलेली कपात बाहेरून सारखीच दिसते. म्हणून कपातीतला किती भाग कशासाठी, हे व्यवस्थापकाने पत्रात स्पष्ट लिहायलाच हवं.

तुमच्याकडे शेअर असलेल्या कंपनीने विस्ताराचं कारण देऊन लाभांश घटवला, तर पुढच्या वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पत्रक उघडा. यंत्रं आणि इमारतींवरचा खर्च वाढलेला दिसला नाही, तर सभेत उभं राहून विचारा, वाचलेला पैसा गेला कुठे?