मुलाखतीत ‘आपल्यासारखा’ उमेदवारच का भारी वाटतो? १९५५ साली सापडलेला तोडगा आजही कामाला येतो

“अरे वा, तुम्ही पण साताऱ्याचे का?”

नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य आलं की निम्मी मुलाखत तिथंच आटपते. पुढची दहा मिनिटं कास पठार, कंदी पेढे आणि कॉलेजच्या सरांवर जातात. उमेदवार बाहेर पडला की मुलाखत घेणारे साहेब म्हणतात, “पोरगा चांगलाय.” पण पोरगा कामाला कसा आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

आपलं गाव, भाषा, कॉलेज किंवा आवडीनिवडी जुळणारा माणूस नकळत जास्त लायक वाटतो. याला म्हणतात साम्याचा पूर्वग्रह. त्याचाच भाऊ म्हणजे पहिल्या छापेचा परिणाम. उमेदवार आत्मविश्वासाने आत आला की त्याची पुढची उत्तरंही चांगलीच वाटायला लागतात.

१९९४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका कंपनीतल्या खऱ्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज तपासली. अर्ज बघूनच ज्यांच्याबद्दल चांगलं मत झालं होतं, त्यांच्याशी मुलाखतकार आपुलकीने बोलत होते, कंपनीचं कौतुक ऐकवत होते, पण त्यांच्याकडून माहिती मात्र कमी काढत होते. थोडक्यात, मत आधीच बनलेलं होतं आणि मुलाखत फक्त त्यावर शिक्का मारत होती.

मग यावर उपाय काय?

त्यासाठी १९५५ सालच्या इस्रायलमध्ये जावं लागतं. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे डॅनियल कानेमन तेव्हा २१ वर्षांचे होते आणि सैन्यात लेफ्टनंट होते. भरती होणाऱ्या प्रत्येक तरुणाची तिथं १५ ते २० मिनिटं मुलाखत व्हायची आणि शेवटी एकच मत नोंदवलं जायचं, की हा सैन्यात कसं काम करेल. नंतर तपासलं तर या मतांचा आणि प्रत्यक्ष कामगिरीचा जवळपास संबंधच नव्हता.

कानेमन यांनी पद्धत बदलली. जबाबदारीची जाणीव, मिळून मिसळून वागणं असे सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी आधीच्या आयुष्याबद्दल साधे प्रश्न ठेवले, म्हणजे किती नोकऱ्या केल्या, वेळेवर जायचा का, खेळात भाग घ्यायचा का. एका गुणाला १ ते ५ पैकी आकडा दिल्याशिवाय पुढच्या गुणाकडे जायचं नाही, हा नियम. मुलाखत घेणारे चिडले, “आम्हाला रोबोट करताय” म्हणाले. मग तडजोड झाली. सहाही आकडे लिहून झाले की शेवटी डोळे मिटा आणि मनाला वाटेल तो एक आकडा द्या.

काही महिन्यांनी निकाल आला. सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच सरस ठरली. आणि गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच बरोबर निघाला. कारण यावेळी आतला आवाज पुराव्यानंतर बोलला होता, आधी नाही.

आता हेच आपल्याकडच्या ऑफिसात लावून बघू. समजा, अकाउंट्ससाठी एक माणूस हवाय. एक उमेदवार साहेबांच्याच साताऱ्याचा आणि बोलघेवडा. दुसरी उमेदवार नांदेडची, जरा घाबरलेली. दोघांनाही तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे. त्यातला एक असा, “खरेदीची नोंद आणि जीएसटी पोर्टलवरचा आकडा जुळला नाही, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?” एक-एक बिल ताडून बघितलं, विक्रेत्याला फोन केला, दुरुस्ती करून घेतली, असं उत्तर आलं तर ४ गुण. “सीएंना सांगितलं” एवढंच असेल तर २. हे मोजमाप मुलाखतीच्या आधीच कागदावर हवं.

साताऱ्याच्या पठ्ठ्याला मिळाले २, ३, २, ४, म्हणजे ११. नांदेडच्या मुलीला ४, ४, ४, २, म्हणजे १४. तिचे २ गुण बोलण्याचे होते. अकाउंट्सच्या कामात ते किती महत्त्वाचं, हा प्रश्न आता निदान उघडपणे विचारता येतो. दोघे मुलाखत घेत असतील तर आकडे लिहून होईपर्यंत एकमेकांशी चर्चा करायची नाही, नाहीतर मोठ्या साहेबांचं मत दोघांचं होतं.

अर्थात, फॉर्म भरला म्हणजे पूर्वग्रह गेला असं नाही. एखाद्याला सगळीकडे ५, ५, ५, ५ पडले असतील तर पहिली छापच चार वेळा मोजली गेल्याची शंका घ्यावी. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी उमेदवार नेमकं काय म्हणाला ते एका ओळीत लिहायचं. ती ओळ सुचत नसेल, तर तो आकडा उत्तराला नाही, माणसाला दिलेला असतो.

आणि इतकं करूनही मुलाखतीतून सगळंच कळत नाही. कानेमन यांनीच नव्या पद्धतीचा निकाल ‘बऱ्यापैकी उपयोगी’ इतकाच मानला होता. साताऱ्याच्या गप्पा मारायला हरकत नाहीच, फक्त त्या आकडे लिहून झाल्यावर, चहा घेताना.