धाकट्याला पाठवायचा मेसेज

गार्डन रीचच्या जहाज कारखान्यात नोकरी करणाऱ्या दादाने साताऱ्याच्या बारावीतल्या भावाला लिहिलं: "मोबाइल बाजूला ठेव. आईबाबांच्या कष्टांची जाणीव ठेव. तुझ्या वयात मी पहाटे उठायचो." उत्तर आलं, "हो दादा." म्हणजे विषय संपव.

दुरुस्त करताना आधी 'तुझ्या वयात मी' खोडा. मग धाकट्याला घरी रोज ऐकू येणारी वाक्यं खोडा. इथे काहीच उरत नाही, कारण मेसेज दादाने स्वतःची काळजी हलकी करायला लिहिला होता! आता फक्त दादाच सांगू शकेल असं काही घाला, आणि 'हो'वर भागणार नाही असा एक प्रश्न:

"आज डेकवरची वजनं एका बाजूला सरकवून जहाज किती कलतं ते लंबकाने मोजलं. तुमच्या फिजिक्समधला टॉर्कच की रे! रोटेशनलमधलं कुठलं गणित अडलंय? फोटो टाक, रात्री जेवण झालं की बघतो."

फोटो आला तर त्या गणितापुरतंच बोलावं. "बघ, मनावर घेतलंस की जमतं" हे शेपूट जोडलं की पुढचा फोटो येत नाही. फोटोच आला नाही, तर आठवण न करता रविवारी फोन करावा. अडचण अभ्यासाची नसेलही.