फ्रिजमधल्या बावीस पिशव्या

रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या 22 पिशव्या आहेत, असं रात्री नऊ वाजता साठ्याची नोंदवही सांगते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना हा आकडा भरपूर वाटेल. पण यातल्या किती पिशव्या आज रात्री एखाद्या रुग्णाला देता येतील, हे त्यातून कळत नाही.

हिशोब करून पाहू. 22 पैकी 6 पिशव्या आजच्या शिबिरातून आल्या आहेत. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. आणखी 5 क्रॉसमॅच करून ठरावीक रुग्णांसाठी राखून ठेवल्या आहेत. उरल्या 11. त्यातल्या चारांची मुदत आज मध्यरात्री संपते. म्हणजे उद्या सकाळी हाताशी असतील फक्त 7. या पेढीत ओ पॉझिटिव्ह रोज सरासरी 4 लागत असेल, तर दोन दिवसही निघणार नाहीत.

म्हणून टंचाईचा इशारा एकूण पिशव्यांवर लावणं चूक आहे. तो वापरता येणाऱ्या साठ्यावर आणि प्रत्येक गटाच्या रोजच्या खपावर लावायला हवा. तीन दिवसांचा खप ही मर्यादा धरली, तर ओ पॉझिटिव्हसाठी 12 पिशव्या लागतात आणि इशारा नऊ वाजताच वाजतो. सगळ्या गटांना एकच आकडा लावला, तर क्वचित लागणाऱ्या एबी निगेटिव्हचा इशारा रोज वाजत राहील. मग कोणी लक्ष देणार नाही, आणि खरी टंचाई त्याच गोंगाटात दबून जाईल.

इशारा वाजल्यावर डॉक्टर आधी राखीव पिशव्या तपासतात. काल शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या रुग्णाच्या नावावर दोन पिशव्या तशाच पडून असतील, तर वॉर्डाशी बोलून त्या मोकळ्या करता येतात. 9 झाल्या. प्रयोगशाळेने सहांच्या तपासण्या उरकल्या आणि सगळ्या निर्दोष निघाल्या, तर 15. रक्तदात्यांना रात्री फोन करायची वेळच येत नाही.

त्या चार पिशव्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. सीपीडीए-1 द्रावणातलं रक्त 35 दिवस टिकतं, म्हणजे त्यांची शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत होती. मुदतीच्या आठवडाभर आधी वेगळा इशारा मिळाला असता, तर त्या आधी वापरता आल्या असत्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या पेढीला देता आल्या असत्या. नवीन पिशव्या पुढे आणि जुन्या मागे ढकलल्या गेल्या, की हेच होतं. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात. तिथे आठवड्याचा इशारा निरर्थक, तो रोजचाच हवा.

15 ऑगस्टच्या शिबिरातलं असं सगळं रक्त 19 सप्टेंबरला एकदम संपतं. म्हणून शिबिर घेणाऱ्या मंडळांनी तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या रक्तपेढीला एकदा फोन करावा आणि कोणत्या आठवड्यात रक्त कमी पडतं, ते विचारावं.