खान्देशी बोलीच्या चित्रफिती आणि त्यांची मराठी उपशीर्षके

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतून आज अहिराणी गीतांच्या, शेतकऱ्यांच्या मुलाखतींच्या आणि वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणींच्या ज्या चित्रफिती निघतात, त्यांच्याखाली मराठी उपशीर्षके, म्हणजे नित्याच्या बोलण्यातली सबटायटल्स, घालण्याचे काम बहुधा अगदी शेवटी, घाईघाईने आणि ज्याला टंकलेखन येते त्याच्या हाती सोपवून उरकले जाते. आणि त्याच्या मुळाशी काही गैरसमज इतके दृढ झालेले आहेत की, काम करणाराची निष्ठा कितीही असली तरी प्रेक्षकाच्या डोळ्यांना त्रास आणि वक्त्याच्या शब्दांवर अन्याय व्हावयाचा तो होतोच.

यांपैकी पहिला गैरसमज असा की, अहिराणी ही मराठीच असल्यामुळे जे कानावर पडेल ते लिहून काढले की उपशीर्षक तयार झाले. वस्तुस्थिती निराळी आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला 1905 साली स्वतंत्र खंड दिला. खान्देशीचा विचार मात्र त्याने 1907 च्या खंडात भिल्ली बोलींच्या सोबतीने केला, आणि 2011 च्या जनगणनेतही सुमारे 18 लाख 60 हजार लोकांची मातृभाषा मराठीहून वेगळी, खान्देशी म्हणून नोंदलेली आहे. या वर्गीकरणाबद्दल विद्वानांत मतभेद असू शकतील. परंतु उपशीर्षककाराने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की, त्याच्यापुढे लेखनाचे नव्हे तर भाषांतराचे काम आहे. खान्देशात मराठीतला ‘ळ’ पुष्कळदा ‘य’ होतो, इतका की खुद्द जळगावचे ‘जयगाव’, धुळ्याचे ‘धुये’ आणि अमळनेरचे ‘अमयनेर’ झालेले कानी येते. गावाची नावे ऐकणारा सहज ओळखतो. परंतु शेतकरी जेव्हा ‘कायी जमीन’ म्हणतो आणि बोलीशी अपरिचित लेखनिक खाली ‘काही जमीन’ असे उमटवतो, तेव्हा कापसाची काळी कसदार जमीन नाहीशी होऊन तिच्या जागी कसलाही अर्थ नसलेला एक तुकडा उरतो. अशी चूक शुद्धलेखन तपासून सापडत नाही, कारण ‘काही’ हा शब्द निर्दोष आहे. ती सापडावयाची तर त्या बोलीत वाढलेल्या माणसाने मजकूर आणि ध्वनी एकत्र तपासला पाहिजे, आणि ही तजवीज कामाच्या आरंभीच करून ठेवणे इष्ट होय.

याच्या उलट टोकाचा समज असाही आढळतो की, बोलीतील प्रत्येक रूप प्रमाण मराठीत बदलल्याशिवाय उपशीर्षक शुद्ध ठरत नाही. गीतांच्या बाबतीत तर हा समज फारच घातक आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या मुखातील गाणी पुत्र सोपानदेवांनी आणि एका आप्ताने टिपून घेतली आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर लवकरच, ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, तेव्हा ती लेवा बोलीच्या रूपांतच छापली गेली. ‘य’च्या जागी ‘ळ’ घालून ती नीटनेटकी केली असती तर यमकही गेले असते आणि लयही गेली असती. सबब, गीताखाली बोलीचेच शब्द यावेत, आणि ते गायनाच्या प्रत्येक ओळीबरोबर उमटावेत. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतून ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून त्याच भाषेतील उपशीर्षकांचा जो विचार मांडला, त्याचा आधारच हा की, ओळखीचे गाणे ऐकता ऐकता प्रेक्षकाची दृष्टी ओळखीच्या अक्षरांवरून फिरते आणि वाचन आपोआप घडते. मुलाखतीचे प्रयोजन मात्र वेगळे. तिथे परप्रांतीय किंवा शहरी मराठी श्रोत्याला अर्थ पोचवायचा असतो, म्हणून भाषांतर करावे. या दोहोंपैकी आपण काय करीत आहोत, ते पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ठरवावे, आणि एकाच मुलाखतीत अर्धी ओळ बोलीत व अर्धी प्रमाण मराठीत अशी सरमिसळ करू नये.

आता वेळेचा प्रश्न. सर्वसाधारण समजूत अशी की, आवाज सुरू झाला की अक्षरे दिसावीत आणि आवाज थांबला की जावीत. यापेक्षा अधिक विचार करण्याचे कारण नाही. आरंभाविषयी ही समजूत बरोबर आहे, शेवटाविषयी नाही. एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, साक्री तालुक्यातील एखादा शेतकरी असे म्हणतो: ‘आमना वावरमा पहिले कपाशी व्हती, पन पानी आटी गयं, मंग आम्ही बाजरी पेरी.’ त्याचे बोलणे चित्रफितीच्या 1 मिनिट 12.4 सेकंदांपाशी सुरू होते, ‘व्हती’ हा शब्द 14.3 वर संपतो, मग तो किंचित थांबतो, ‘पन’ पासूनचा भाग 14.9 ते 17.2 या काळात उच्चारतो, आणि 18 व्या सेकंदाला दृश्य बदलून विहीर दिसू लागते. या वाक्याची नोंद उपशीर्षकाच्या दस्तऐवजात, म्हणजे `.srt` या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, अशी करता येईल:

```
14
00:01:12,400 --> 00:01:14,800
आमच्या शेतात पूर्वी कपाशी होती.

15
00:01:14,900 --> 00:01:17,900
पण पाणी आटलं,
मग आम्ही बाजरी पेरली.
```

प्रत्येक नोंदीत प्रथम क्रमांक, नंतर आरंभ व शेवटची वेळ तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे हजारांश अशी, मग मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ, एवढीच तिची रचना आहे. दोन्ही नोंदी आवाजाबरोबर सुरू होतात, पण आवाजानंतर अर्ध्या-पाऊण सेकंदापर्यंत टिकून राहतात, कारण कान शब्दाबरोबरच मोकळा होतो आणि डोळा त्याच्या मागून येतो. दुसरी नोंद दृश्य बदलण्याच्या जरा आधी काढून घेतली आहे. ती विहिरीच्या दृश्यावर लोंबकळत राहिली असती, तर प्रेक्षकाची दृष्टी नवे चित्र पाहून पुन्हा खाली वळली असती आणि तेच वाक्य त्याने नकळत दुसऱ्यांदा वाचले असते. दोन नोंदींमध्ये सेकंदाचा दहावा भाग रिकामा ठेवला आहे, तो मजकूर बदलल्याचे डोळ्यांना कळावे म्हणून.

पाच शब्दांना 2.4 सेकंद आणि सात शब्दांना 3 सेकंद, हे प्रमाण सेकंदाला दोन शब्दांच्या किंचित वर जाते. इंग्रजी प्रक्षेपणासाठी बीबीसीने मिनिटाला 160 ते 180 शब्दांचे मान शिफारशीत ठेवलेले आहे. परंतु मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्यामुळे आपला एक शब्द पुष्कळदा इंग्रजीच्या दोनतीन शब्दांचे ओझे वाहतो, म्हणून ते मान इथे जसेच्या तसे चालत नाही, आणि सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास राहणे मला सुरक्षित वाटते. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, उपशीर्षक जितका अधिक काळ राहील तितके बरे. तोही खरा नाही, कारण सात सेकंदांहून अधिक काळ स्थिर राहिलेली ओळ प्रेक्षक पुन्हा वाचू लागतो, तर सेकंदाहून कमी काळ टिकलेली ओळ त्याला केवळ चमकून गेल्यासारखी भासते.

संगणकाने दाखविलेल्या अक्षरसंख्येवर विसंबणे हा आणखी एक प्रमाद. सेकंदाला अमुक इतकी अक्षरे, अशी सूचना बहुतेक संपादन-प्रणाली देतात. परंतु त्या देवनागरीतील व्यंजन, हलन्त आणि मात्रा यांना अनेकदा स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजतात. ‘स्त्री’ या एका अक्षरात अशी सहा चिन्हे आहेत. वरील पहिल्या ओळीत अक्षरे 13 असली तरी मात्रा, हलन्त, मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून संगणकाच्या हिशेबी ती 31 होतात. त्यामुळे सुवाच्य ओळीवरही तांबडी खूण उमटते, आणि ती घालविण्याच्या नादात लेखनिक वाक्यातील नेमका महत्त्वाचा शब्द काढून टाकतो. इशारा मिळाल्यास ओळ स्वतः मोठ्याने नव्हे, मनात वाचून पाहावी, आणि मगच तिला कात्री लावावी.

ओळ कोठे तोडावी, याविषयी जागा संपेल तिथे, असे उत्तर मिळते. आणि मराठीच्या दृष्टीने हाच सर्वांत हानिकारक गैरसमज आहे. आपले क्रियापद वाक्याच्या अंती येते आणि नकार तर त्याच्याही पलीकडे, अगदी शेवटच्या शब्दात असतो. ‘त्या वर्षी आम्ही बियाणं विकत’ एवढे एका नोंदीत आणि ‘घेतलं नाही’ पुढच्या नोंदीत पडले, तर मधल्या काळात प्रेक्षकाच्या मनात नेमका उलटा अर्थ तयार होऊन बसतो. म्हणून लांब वाक्य दोन नोंदींत वाटायचेच असेल तर ते केवळ चिरू नये. त्याची प्रत्येकी स्वतंत्र क्रियापद असलेली दोन लहान वाक्ये करावीत. वर ‘होती’पाशी तोडलेल्या कपाशीच्या वाक्याचा लाभ असा की, पाणी आटल्याची बातमी शेतकऱ्याने स्वतः सांगण्यापूर्वी प्रेक्षकाने वाचून टाकलेली नसते, त्याच्या क्षणभराच्या थांबण्यात जे दुःख आहे, ते अबाधित राहते.

एवढी दक्षता घेऊनही चित्रफीत चढविल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसला, तर दोष बहुधा टंकात असतो. छपाईच्या कामात अजूनही चालणाऱ्या श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो; तो रूपांतरित करून `UTF-8` याच स्वरूपात जतन करावा लागतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्या’ ही रूपे एकेक करून पाहावीत, कारण ‘शेतकऱ्या’सारखे शब्द तिथेच मोडतात. सर्वत्र प्रश्नचिन्हेच उमटली असतील, तर मजकूर जुन्या सांकेतिक पद्धतीत जतन झालेला असतो. तिथे अक्षरे नष्टच झालेली असल्यामुळे मूळ फाइलकडे परत जाण्याखेरीज गत्यंतर नाही.

आणि उपशीर्षके आवाजापासून सरकलेली असतील, तर पहिली पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे ताडून पाहावीत. दोन्ही ठिकाणी अंतर सारखेच, समजा दोन सेकंद, असेल, तर सर्व वेळा दोन सेकंदांनी मागे किंवा पुढे सरकवल्या की काम झाले. परंतु आरंभी मेळ असून तो हळूहळू बिघडत गेला असेल, तर उपशीर्षके ज्या प्रतीवर बेतली तिची चित्रगती आणि दाखवायच्या प्रतीची चित्रगती यांत फरक पडलेला असतो. सेकंदाला 25 चित्रांची प्रत आणि 23.976 चित्रांची प्रत यांत तासाभरात सुमारे अडीच मिनिटांची तफावत साचते. अशा वेळी एकेक नोंद हाताने सरकवणे व्यर्थ आहे. सर्व वेळांना एकाच गुणोत्तराने ताणावे किंवा आकसावे लागते, आणि ते झाल्यावर चित्रफितीच्या मध्यभागी एकदा मेळ पाहून घ्यावा.