दूध डेअरीला, घरात नुसता चहा. दुभत्या घरातही बी-१२ कमी का पडतं?

सकाळी सहाला डेअरीवर कॅनची रांग लागते. फॅट लागते, एसएनएफ लागतो, पावती फाटते आणि गावातलं बहुतेक दूध टँकरमध्ये जातं. घरी उरतं ते चहापुरतं. मग त्याच घरातली बाई दवाखान्यात सांगते, "डॉक्टर, हातापायाला मुंग्या येतात, पायऱ्या चढताना दम लागतो." रक्त तपासलं की बी-१२ कमी निघतं. घरचे म्हणतात, "अहो, आमच्या दारात दोन गायी आहेत, आम्हाला कसलं कमी पडतंय?"

पुणे शहराजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात सुमारे दोनतृतीयांश बायांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. म्हणजे हा एखाद्या घराचा प्रश्न नाही.

बी-१२ दुधात येतं कुठून?

बी-१२ म्हणजेच कोबालामिन. हे जीवनसत्त्व कुठलंही झाड तयार करत नाही. ज्वारी, डाळ, पालेभाजी, फळं, शेंगदाणे यांत ते नसतं. ते तयार करतात फक्त सूक्ष्म जीव. गाय-म्हैस चारा खाते, त्यातून कोबाल्ट नावाचं खनिज पोटात जातं. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जिवाणू त्या कोबाल्टपासून बी-१२ बनवतात, आणि ते रक्तातून दुधात उतरतं. जनावराला आपण जे खनिज मिश्रण देतो, त्यात कोबाल्ट असतं ते यासाठीच.

त्यामुळे अंडी-मटण न खाणाऱ्या घरात रोजच्या जेवणातलं बी-१२ येतं ते जवळजवळ सगळं दूध, दही, ताक यांतूनच. मोड आलेली मटकी, आंबील, इडलीचं आंबवलेलं पीठ यांवर बी-१२ साठी भरवसा ठेवता येत नाही.

कॅल्शियमचं तसं नाही. ते दुधात भरपूर आहेच, पण दुसरीकडेही मिळतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

एका घराचा हिशेब करून बघू

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गरज एवढीशीच, पण रोजची. कॅल्शियम लागतं साधारण १००० मिलिग्रॅम. गाईच्या १०० मिलिलीटर दुधात बी-१२ असतं अंदाजे ०.४५ मायक्रोग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम.

आता समजा, घरात सहा माणसं आहेत. दोन गायी मिळून दिवसाला १५ लिटर दूध देतात. १४ लिटर डेअरीला जातं, एक लिटर घरी राहतं. त्यातलं बरंचसं चहाला आणि थोडं विरजणाला. घरातल्या सुनेच्या वाट्याला काय येतं? तीन वेळचा चहा, कपात ४० मिलिलीटर दूध धरलं तर १२० मिलिलीटर. दुपारी वाटीभर पातळ ताक, त्यात दही असेल ५० मिलिलीटर. एकूण झालं १७० मिलिलीटर.

यातून कॅल्शियम मिळालं सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सा. बी-१२ कच्च्या दुधाच्या हिशेबानं पाऊण मायक्रोग्रॅम भरतं, पण चहात दूध खळाखळा उकळून उकळून त्यातलं बरंच जातं. हातात उरतं अर्धा मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. तेही गरजेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

कॅल्शियमची कसर दुसरीकडून भरता येते. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं. मोठा चमचाभर न सोललेल्या तिळातून शंभराच्या वर मिळतं. मेथीची भाजीही चांगली भर घालते. ज्वारी-बाजरीत मात्र कॅल्शियम फार थोडं असतं, म्हणून नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर हा हिशेब पुरा होत नाही.

पण बी-१२ ची कसर नाचणी भरत नाही, तीळ भरत नाही आणि मेथीही भरत नाही. तिथं दुधाशिवाय जेवणात दुसरा वाटेकरीच नाही.

उकळण्यात काय जातं, विरजण्यात काय जातं

कॅल्शियम हे खनिज आहे. दूध कितीही तापवा, ते नष्ट होत नाही. बी-१२ चं तसं नाही. दूध दोन ते पाच मिनिटं उकळलं तर जवळपास ३० टक्के बी-१२ कमी होतं, अर्धा तास उकळलं तर निम्मं. जाड साय यावी म्हणून दूध मंद आचेवर तासभर ठेवायचं, मग दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा उकळायचं, ही सवय इथं महागात पडते.

म्हणून कच्चं दूध प्यावं का? अजिबात नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि टीबीसारखे आजार येऊ शकतात. दूध ढवळत एकदा चांगलं उतू येईपर्यंत तापवा, गॅस बंद करा, झाकून थंड करा. नंतर लागेल तेवढंच वेगळं काढून कोमट करा. चहाचं पाणी-पत्ती आधी उकळून घ्या आणि तापवलेलं दूध शेवटी घाला.

दही लावल्यानं बी-१२ वाढतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. विरजणातले जिवाणू ते बनवत नाहीत, उलट थोडं खाऊनच टाकतात, आणि दही बरेच दिवस ठेवलं तर आणखी कमी होतं. त्यामुळे दही रोजचं ताजं लावलेलं बरं. दह्याचा खरा फायदा वेगळा आहे. दूध प्यायलं की ज्यांचं पोट फुगतं, गुरगुरतं, त्यांना दही बहुतेक वेळा पचतं. कॅल्शियम दह्यातही दुधाइतकंच राहतं.

आणखी एक गैरसमज फॅटचा. डेअरीत फॅटवर भाव ठरतो, म्हणून फॅट म्हणजेच ताकद असं वाटतं. पण बी-१२ आणि कॅल्शियम फॅटमध्ये नसतात, ते एसएनएफच्या बाजूला असतात. लोणी काढलेल्या ताकात हे दोन्ही राहतात. तुपात जवळजवळ काहीच उतरत नाही. भाकरीवर तूप घेतलं म्हणजे दूध घेतलं असं होत नाही. ताक मात्र पाण्यासारखं पातळ केलं तर घोटाघोटात मिळणारं कमी होतं. श्रीखंडासाठी चक्का बांधला तर गळणारं पाणी फेकू नका, त्याबरोबर दोन्ही थोडं थोडं जातं. ते कणकेत किंवा कढीत वापरा.

मग घरात ठेवायचं किती?

पुण्यातल्या संशोधकांनी शाकाहारी तरुण-तरुणींना दोन आठवडे रोज ६०० मिलिलीटर म्हशीचं दूध, २०० मिलिलीटर असं तीन वेळा दिलं. दोन आठवड्यांत रक्तातलं बी-१२ चं चित्र सुधारलेलं दिसलं. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीर एका वेळी थोडंच बी-१२ शोषून घेतं, म्हणून एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा वाटून घेतलेलं बरं.

आपल्या हिशेबातल्या सुनेनं सकाळी कपभर दूध, दुपारी वाटीभर घट्ट दही आणि रात्री कपभर दूध घेतलं, तर दिवसाला अर्धा लिटर होतं. कॅल्शियम ६०० मिलिग्रॅमच्या घरात जातं, नाचणी-तीळ धरून गरज भागते. बी-१२ तापवण्यातली घट वजा करून दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं. पूर्ण नाही, पण आधीच्या तिप्पट.

सहा जणांना अर्धा-अर्धा लिटर म्हणजे तीन लिटर. डेअरीचं बिल कमी होणार हे खरं आहे. सगळ्यांना जमत नसेल तर आधी गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई, मग वाढत्या वयाची मुलं-मुली आणि म्हातारी माणसं यांचं दूध काढून ठेवा. मग उरलेलं डेअरीला.

दुधावर थांबू नका, असं कधी समजायचं?

बी-१२ चा साठा लिव्हरमध्ये असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून कमतरता हळूहळू येते आणि उशिरा कळते. हातापायाला मुंग्या येणं, तळपाय बधिर वाटणं, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत होणं, वारंवार तोंड येणं, विसरायला होणं, ही तिची लक्षणं. अशा वेळी रक्त तपासून घ्या. रिपोर्टात बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टरांशी बोला. कमतरता झालेली असेल तर ती नुसत्या दुधानं भरून निघत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शन लागतं.

नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्यांवर विसंबू नका. त्यातल्या फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ नसेल तर नसांचं नुकसान आतून चालूच राहतं, आणि ते फार लांबलं तर पूर्ण भरून येत नाही.

शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने घेणारे यांच्या शरीरात बी-१२ नीट शोषलं जात नाही. त्यांनी दूध पीत असले तरी तपासणी करावी. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नये.

शेवटचं अंगावर पिणाऱ्या बाळांचं. आईच्या शरीरात बी-१२ नसेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं. सहा महिन्यांपर्यंत छान हसणारं बाळ सुस्त झालं, हसेनासं झालं, धरलेली मान सोडायला लागलं, हातापायाची पेरं काळवंडली, तर "दात येताहेत" म्हणून थांबू नका. बाळाला आणि आईला दोघांनाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेत इलाज मिळाला तर बाळ लवकर सुधारायला लागतं.