भाग: कुरकुंभ की रांजणगाव? हातात किती उरतं ते बघू

आजच्या भागात एकच हिशोब आहे, पण तो नीट, शेवटपर्यंत करू.

दौंडच्या एका श्रोत्याने दोन ऑफर लेटर पाठवली. पोरगा डिप्लोमा मेकॅनिकल, घर दौंड शहरात, आई-वडिलांसोबत राहतो. पहिली ऑफर कुरकुंभ एमआयडीसीतली, वर्षाला २,७६,००० सीटीसी. दुसरी शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीतली, ३,३६,०००. म्हणजे कागदावर महिन्याला ५,००० चा फरक. घरच्यांचं म्हणणं, "यात विचार कसला करतोयस?"

तर विचार असा. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा सगळा खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, ते दरमहा हातात येत नाही. कुरकुंभचे महिन्याचे २३,००० घ्या. बेसिक ११,५००. कंपनीचा पीएफ १,३८०, ग्रॅच्युइटी ५५३, कंपनीचा ईएसआय ६६३. उरला ग्रॉस पगार २०,४०४. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,३८०, ईएसआय १५४ आणि व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत तो ३०० कापतात). हातात १८,६७०.

रांजणगावचे २८,०००. बेसिक १४,०००. कंपनीचा पीएफ १,६८०, ग्रॅच्युइटी ६७३, आणि इथे एक ओळ जास्त आहे: व्हेरिएबल पे १,५००, वर्षाअखेरीस, "कामगिरीनुसार". ग्रॉस २४,१४७. पीएफ आणि व्यवसाय कर वजा करून हातात २२,२६७. इन्कम टॅक्स दोन्हीकडे शून्य. म्हणजे ५,००० चा फरक घरी येईपर्यंत साधारण ३,६०० झाला.

आता राहणं आणि जाणं-येणं. कुरकुंभला घरापासून गेटपर्यंत १० किलोमीटर, गाडीवर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० किलोमीटर. पेट्रोल साधारण ११०० आणि ऑइल, टायर, सर्व्हिसिंगचे ४०० धरा. लोक पेट्रोल धरतात आणि टायर विसरतात. घरचं जेवण फुकट नसतं, म्हणून १,५०० घरात देतो असं धरलं. एकूण ३,०००, उरले १५,६७०.

दौंडला रेल्वे आहे, शिरूरला नाही, त्यामुळे रांजणगावला घरून रोज ये-जा करायचा प्रश्नच नाही. त्याने शिरूरमध्ये तिघांत खोली बघितली. वाटा ३,५००, लाइट ३००, मेस ३,२००, आणि महिन्यातून दोनदा घरी यायला एसटीचे ४००. कंपनीची बस शिरूरहून फुकट. एकूण ७,४००, उरले १४,८६७.

म्हणजे जास्त पगाराच्या नोकरीत महिन्याला ८०० रुपये कमीच उरतात!

शिवाय बिऱ्हाड हलवायचं. गादी, बादली, पंखा, कुलूप असं करत ५,००० जातात. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ४१७. डिपॉझिटचे ७,००० मी खर्चात धरत नाही, कारण ते परत येतात. पण पहिला पगार होईपर्यंत ते खिशातून काढावे लागतात, आणि खोली सोडताना रंगकामाच्या नावाने काही कापतात का, हे आधी मालकाला विचारून घ्या. तर कुरकुंभ आता सव्वाबाराशेने पुढे.

आणि इथेच ती व्हेरिएबलची ओळ महत्त्वाची ठरते. पूर्ण मिळालं, तर महिन्याला १,५०० ची भर पडून रांजणगाव २८० रुपयांनी पुढे जातं. अर्धं मिळालं, तर मागेच. रांजणगावचा पीएफ ३०० ने जास्त कापला जातो, तो त्याचाच पैसा आहे आणि कंपनीचाही वाटा तेवढाच वाढतो, हे रांजणगावच्या बाजूने मांडायला हवं. पण तो आज भाड्याला उपयोगी नाही.

अजून एक गोष्ट पगाराच्या आकड्यात दिसत नाही. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. कुरकुंभचा पगार तिच्या आत, म्हणून उपचाराचं संरक्षण मिळतं, आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही. रांजणगावला ते नाही. तिथे कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील धरलेत का, हे लेटरमध्ये शोधावं लागेल. याच्या वडिलांना शुगर आहे, औषधं दरमहा लागतात. ईएसआयचा दवाखाना घरापासून किती लांब, तेही बघून ठेवायला सांगितलं. लांब असेल तर कागदावरचा फायदा तेवढा उपयोगी पडत नाही.

गंमत बघा, हीच दोन लेटर शिरूरच्या पोराच्या हातात दिली तर? रांजणगावला घरून, फुकट बसने जाणार, जेवणाचे १,५०० वजा, उरले २०,७६७. कुरकुंभसाठी दौंडला खोली, मेस, तोच ७,४०० खर्च धरला तर ११,२७०. साडेनऊ हजारांचा फरक! कंपन्या त्याच, आकडे तेच.

आपल्या दौंडकराला मी एचआरला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या, त्याही मेलवर: मागच्या वर्षी त्याच्या पदावरच्या लोकांना व्हेरिएबल किती टक्के मिळालं, रात्रपाळी आणि ओव्हरटाइम सुटल्यावर शिरूरची बस असते का, आणि मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का. बस नसेल तर रात्री हायवेवर शेअर जीप शोधायची आणि तो खर्च वर धरलेला नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळत नसेल, तर मी ती ओळ शून्य धरून हिशोब करतो.